तात्यांना घेऊन सुनावणीला

माझं तोंड फटकळ आहे, हे माहेरी-सासरी सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे जीएसटी कार्यालयातून सुनावणीला जातीने हजर राहण्याची नोटीस आली, तेव्हा नवऱ्याला नोटिशीपेक्षा माझ्या तोंडाचीच धास्ती जास्त. "तू तिथे काय बोलून बसशील कोण जाणे," तो म्हणाला. "मग तू जा," मी म्हटलं. पण तो जाऊन भागणार नव्हतं. धंदा माझ्या नावावर होता, आणि नुसता नावावर नव्हे, खरोखरच माझा होता.

धंदा म्हणजे काय, तर चाकणकडच्या कंपन्यांमधून साच्यातून काढलेले रबराचे सुटे भाग पोत्यांनी आमच्याकडे येतात. त्यांच्या कडेला जादा रबराची पातळ झालर राहिलेली असते. ती कात्रीने, ब्लेडने काढायची आणि साफ केलेला माल परत पाठवायचा. गावातल्या डझनभर बायका माझ्याकडे हे काम करतात. शेड तात्यांच्या जागेत. तात्या म्हणजे माझे चुलत सासरे, सासऱ्यांचे थोरले भाऊ. गाव महापालिकेत गेलं, शेतं गेली, उरलेल्या तुकड्यावर दोघा भावांनी ही शेड उभी केली. परवानगी कुणी काढली नाही. आमच्याकडे तेव्हा कुणीच काढत नसे.

नोटिशीत लिहिलं होतं की प्रत्यक्ष पाहणीत दिलेल्या पत्त्यावर कोणताही व्यवसाय आढळला नाही, तेव्हा नोंदणी रद्द का करू नये. मी ते तीनदा वाचलं. व्यवसाय आढळला नाही? माझ्या बोटांना ब्लेडच्या खुणा कशाच्या मग?

उलगडा झाला तो तात्यांच्या ओट्यावर. गुरुवारी आमच्याकडे कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी, शेड बंद. नेमके त्याच दिवशी निरीक्षक आले. हातात फाइल, मोबाइलवर शटरचे फोटो. आदल्याच महिन्यात शेजारच्या वस्तीत असेच फाइलवाले येऊन गेले होते आणि त्यांच्या मागून बुलडोझर आले होते. निरीक्षकांनी विचारलं, इथे काही काम चालतं का? तात्या म्हणाले, "हितं कायबी चालत न्हाई. रिकामी पडलीय."

"आगं, मला वाटलं पाडायला आल्यात," तात्या मला सांगत होते. "तुजंच वाचवलं मी." त्यांच्या चेहऱ्यावर शाबासकीची वाट बघणारा भाव होता. मी कपाळावर हात मारला.

नोटीस आली त्या दिवसापासून नोंदणी स्थगित. म्हणजे बिल फाडता येत नाही. कंपनीच्या स्टोअरमधल्या माणसाने गेटवरच सांगितलं, "मॅडम, सिस्टीममध्ये तुम्ही लाल दिसताय. नंबर चालू होईपर्यंत माल देता येत नाही." नंबर रद्द झाला, तर ही पोती दुसऱ्याच्या शेडमध्ये जाणार, आणि एकदा गेलेलं काम परत येत नाही. बायका रोज सकाळी शेडसमोर येऊन उभ्या राहायच्या आणि मी त्यांना घरी पाठवायचे. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

आमचे कर सल्लागार निगडीच्या प्राधिकरण भागात बसतात. मुदत मोजून कामाच्या सात दिवसांची होती, तेव्हा त्यांनी आधी पोर्टलवर उत्तर भरलं आणि मग मला सुनावणीची शिकवणी दिली. नोटिशीची आणि उत्तराची प्रत, नोंदणीचं प्रमाणपत्र, माझं ओळखपत्र, शेडचं लाइट बिल, सातबारा. कंपनीच्या गेटचे शिक्के असलेली मालाची चलनं आणि बँकेचा उतारा. "धंदा चालतो हे तोंडाने सांगायचं नाही, या चलनांनी सांगायचं," ते म्हणाले. मूळ कागद फक्त दाखवायचे, हातात द्यायच्या त्या स्वतः सही केलेल्या प्रती, आणि जे देऊ त्याची पोच घ्यायची. मागितलं नाही ते टेबलावर काढायचंच नाही.

"आणि ताई, बोलण्याचं," ते जरा घुटमळले. नवऱ्याने त्यांना आधीच फोन केला असणार. "विचारलं तेवढंच. आठवत नसेल तर कागद बघून सांगते म्हणा, अंदाजाने आकडा ठोकू नका. चूक असेल तर चूक झाली म्हणा आणि आता काय केलंत ते सांगा. नोंद वाचल्याशिवाय सही नाही."

एक कागद मात्र अडला. शेड वापरायला जागेच्या मालकाचं संमतीपत्र लागतं. नोंदणी केली तेव्हा सासऱ्यांनी दोघा भावांच्या वतीने दिलं होतं. ते आता नाहीत, आणि सातबाऱ्यावर थोरले म्हणून तात्यांचंच नाव आहे. नवं तात्यांनी द्यायचं. सल्लागारांनी टाइप करून दिलं, 'माझ्या मालकीची जागा व त्यावरील शेड वापरण्यास माझी संमती आहे.' तात्यांनी चष्मा लावून ते वाचलं आणि कागद परत माझ्या हातात दिला.

"शेड म्हून कशाला लिवलं? उद्या कागद घिऊन म्हापालिका यील. म्हनंल, तुमीच सही केलीया."

"तात्या, हे कर कार्यालय आहे. त्यांचा महापालिकेशी काय संबंध?"

"सरकार समदं एकच आसतं पोरी."

माझे वडील देहूरोडच्या फॅक्टरीत नोकरीला होते. आमच्या घरी कागद म्हणजे काय ते सरळ होतं, नियम लिहिलेला असतो आणि तो पाळायचा. तात्यांच्या घरी कागद म्हणजे जमीन जाते. भूसंपादनात दोनदा सह्या केलेला माणूस तो, मी त्याला काय समजावणार? राग आला, कीवही आली. शेवटी ते एवढ्यावर तयार झाले की सोबत येतो, साहेबापुढं बघू.

पुण्यातल्या त्या कार्यालयात मी, सल्लागार आणि पांढरी टोपी घातलेले तात्या बाकावर बसलो. आधी मला आणि सल्लागारांनाच आत बोलावलं. अधिकारी एक बाई होत्या, माझ्याहून लहान. त्यांनी ओळखपत्र पाहिलं आणि पाहणीच्या वेळचा फोटो माझ्याकडे वळवला. बंद शटर, आणि कोपऱ्यात तात्यांची टोपी.

"शटर बंद का होतं?"

"गुरुवार होता. आमच्याकडे सुट्टी असते."

"नावाची पाटी नाही. नंबरासकट पाटी लावावी लागते, माहीत आहे ना?"

पाटीवर मी अर्धा तास बोलू शकले असते. पाटी लावली की नजरेत येतं म्हणून गावात एकाही शेडला पाटी नाही, तात्यांनी मला दोनदा खिळे काढायला लावले, सगळं सगळं. जीभ दाताखाली धरली. "लावली नव्हती. चूक झाली. आता लावली आहे, हा फोटो." मागच्या वर्षी किती काम केलं विचारलं, तेव्हा बँकेचा उतारा काढून बघून सांगितलं. चलनं त्यांनी एकेक करून पाहिली. सल्लागारांचा चेहरा सैल पडला. मलाही वाटलं, सुटलो.

मग त्यांनी तात्यांना आत बोलावलं. "आजोबा, त्या दिवशी इथे काही चालत नाही असं का सांगितलंत?"

"मला वाटलं, म्हापालिकेचं हायेत."

"मग काम चालतं का तिथे?"

"चालतं की. रोज चालतं. धा-बारा बाया आसत्यात."

"शेड कुणाची?"

तात्यांनी टोपी नीट केली. मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "जागा माजी. शेड हिची. हिनंच बांदली."

बाईंनी फाइलची पानं मागे उलटली. त्यात सासऱ्यांचं जुनं संमतीपत्र होतं, मीच नोंदणीच्या वेळी जोडलेलं. 'आम्ही दोघा भावांनी बांधलेली शेड.' त्यांनी ते माझ्यापुढे सरकवलं. "तुमच्या सासऱ्यांनी वेगळं लिहून दिलंय. मॅडम, शेड तुम्ही बांधलीत का?"

मी सल्लागारांकडे पाहिलं. ते फाइलकडे पाहत होते. हो म्हणावं, तर मीच दिलेला कागद खोटा ठरतो आणि सरकारी नोंदीत मी खोटं बोलते. नाही म्हणावं, तर शेजारी बसलेला घरातला वडीलधारा माणूस खोटा पडतो, तोही सरकारी माणसासमोर. आयुष्यभर तोंड चालवलं, आणि त्या खोलीत पहिल्यांदा मला कळेना की ते उघडायचं कसं. खोलीला मागून दुसरं दार असतं तर मी खरंच उठून गेले असते.

"नाही," मी म्हटलं. "सासऱ्यांनी आणि तात्यांनी बांधली. मी कामाला सुरुवात केली तेव्हा ती उभी होती."

बाई म्हणाल्या, "बांधकामाला परवानगी आहे की नाही हा माझा विषयच नाही, आजोबा. जागा कुणाची आणि तिथे धंदा होतो का, एवढंच मला हवंय." इतकं सोपं होतं ते. सल्लागारांनी टाइप केलेलं संमतीपत्र पुढे केलं. तात्यांनी ते न वाचता, माझ्याकडे न बघता सही केली.

सुनावणीची नोंद माझ्यापुढे आली. मी ओळ न् ओळ वाचली. त्यात 'रबराच्या भागांची विक्री' असं पडलं होतं. आम्ही विकत नाही, साफ करून देतो, असं सांगून ते दुरुस्त करून घेतलं आणि मगच सही केली. प्रतीवर पोचेचा शिक्का घेतला. बाहेर आल्यावर सल्लागार म्हणाले, "ताई, शंभर टक्के बरोबर बोललात." तात्या पुढे चालत होते. निगडीपर्यंत बसमध्ये ते खिडकीकडे तोंड करून बसले.

दुसऱ्या पाहणीला तेच निरीक्षक आले, या वेळी बुधवारी. बायका मुद्दाम बोलावून ठेवल्या होत्या, आधीचा शिल्लक माल घेऊन बसल्या होत्या. तात्यांनी स्वतः शटर पूर्ण वर केलं, पाणी दिलं, पाटीशेजारी उभं राहून फोटोही काढू दिला. थोड्याच दिवसांत नोटीस मागे घेतल्याचा आदेश आला, नंबर चालू झाला आणि कंपनीतून पहिला टेम्पो आला.

पोती उतरत होती तेव्हा तात्या आले. "मी तुजं वाचवाया बोललो व्हतो. आन् तू मला त्या बाईम्होरं खोटा पाडलास."

"तात्या, लिहून दिलेलं होतं त्यात. मी काय सांगायला हवं होतं?"

"त्ये मला म्हाईत न्हाई. दिवाळीपातुर दुसरी जागा बघ."

"नंबर याच पत्त्यावर आहे, तात्या."

"मंग नंबर घिऊन जा की. माजी शेड माज्याकडं ऱ्हाऊंदे. सरकारात लिवलंय ना आता, माजी हाय म्हून."

ते गेले. पत्ता बदलता येतो, मला माहीत आहे. नव्या मालकाची संमती, त्याचं बिल, अर्ज, पुन्हा पाहणी. पण जो मालक आपल्या शेडच्या कागदावर सही करायला भीत नाही, असा मालक आमच्या भागात कुठे शोधू? मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला, तात्यांचा, माझा, त्या सोप्या प्रश्नाचा. आतून एका बाईने हाक मारली, "ताई, समदी पोती घ्यायची का आत?"

"घ्या," मी म्हटलं. "सगळी घ्या."