आई-वडील की बाळंतपण

मरोळला आमचा पॅकिंगचा छोटा कारखाना आहे, कामाला दहा माणसं. माझा नवरा इसिडोर मालक, त्यामुळे डोकं तापवणं त्याच्याकडे आणि हिशेब माझ्याकडे.

यंदा सगळ्यांचा ग्रुप आरोग्य विमा काढायचा होता. एजंट म्हणाला, "पाच लाखांच्या विम्यात नवरा-बायको आणि दोन मुलं येतात. तुमच्या बजेटमध्ये आणखी एकच बसेल. कुटुंबात आई-वडील धरा, नाहीतर बाळंतपण घ्या, सिझेरियनला पंचाहत्तर हजारांपर्यंत. दोन्ही पहिल्या दिवसापासून लागू."

इसिडोरने चहाच्या सुट्टीत सगळ्यांना हात वर करायला सांगितलं. लविनाला पाचवा महिना, आणि तिने हात वर केला आई-वडिलांसाठी. नीलमची आई हृदयाची पेशंट, तर नीलमचा हात बाळंतपणासाठी!

"डोकं फिरलंय का तुमचं?" इसिडोर खेकसला आणि तिथूनच त्याने एजंटला फोन लावला. "दोन्ही टाक रे. पाचाचे तीन लाख कर, मग बसतंय का बघ."

बसलं.

बाहेर पाहते तर नीलम लविनाला झापत होती, "माझ्या आईची काळजी करायला तुला कोणी सांगितलं गं?"