गंधारावर बसू नको

पोरगी स्टेजवर गाता गाता गंधारावर जाऊन बसली.

गंधार म्हणजे सा रे ग मधला ग. माईकवर मोठ्यानं रागाचं नाव सांगितलं होतं देसकार, अन् आता ही ग लांबवून राहिली. प वरून घसरली की परत ग, मग रे, मग खालच्या सप्तकातल्या ध ला शिवून सा. म्हणजे दुसराच राग, भूप. संध्याकाळचा पक्का भूप, अन् हॉलच्या खिडकीतून सकाळचं ऊन माझ्या डोळ्यात. समोर तीन परीक्षक, त्यातल्या मधल्या बाईंनी मान वर केली अन् चष्मा सारखा केला. माझ्या मांडीवर लहाना, दात येऊन राहिले म्हणून माझंच बोट चावून राहिलेला. पोरगी गाता गाता माझ्याकडं बघायला लागली. तिलाबी कळलं होतं. तिथून निघायचं कसं तेवढं कळंना.

आता हे समदं झालं कसं ते सांगते, न्हाई तर तुम्ही म्हणाल की पोरीची तयारीच नव्हती.

आम्ही नांदेडला राहतो. पोरगी दहा वर्षांची, गाण्याच्या क्लासला जाते. मी आठवीतून शाळा सोडलेली, मला त्यातलं काय कळणार, पण लहान्याला घेऊन क्लासच्या दाराशीच बसावं लागतं, मग कानावर पडतंच. लातूरला स्पर्धा होती. घरातून एकच अट. पोरीचे पप्पा म्हणले, "या बारीला नंबर आला तर क्लास चालू, न्हाई तर बंद. उगं ऑटोनं हिंडायचं काम न्हाई." पोरीनं ते आतल्या खोलीतून ऐकलं. दोन दिस जेवलीच न्हाई नीट.

स्पर्धेचा एक नियम होता, राग वेळेला धरून पाहिजे. सकाळी गायचं तर सकाळचा, सांजच्याला गायचं तर सांजचा. आमची पाळी संध्याकाळची. म्हणून क्लासच्या बाईंनी भूप बसवून घेतला, तीन महिने, रोज दिवा लावायच्या वेळेला. मी एकदा म्हणलं, बाई, सकाळी घर रिकामं असतंय, तव्हा करू का रियाज? तर त्या माझ्यावरच चिडल्या. "सकाळी भूप गाऊन गाऊन तिचा भूप वर चढंल. मग तो देसकार होतो."

मला काय कळलं न्हाई. मग त्यांनी पेटीवर दाखवलं. भूपात पाच सूर, सा रे ग प ध. देसकारातबी तेच पाच. एक इकडं न्हाई, एक तिकडं न्हाई. मी म्हणलं, मग राग दोन कशाला? त्या म्हणल्या, "एका घरात पाच माणसं हायत. सासरा कारभारी असला की घराची चाल येगळी, सून कारभारी झाली की येगळी. माणसं तीच ना?" भूपात कारभार गंधाराकडं. समदे फिरून फिरून त्याच्याकडं येतात, अन् गाणं खालच्या नि मधल्या सुरातच रमतं. देसकारात कारभार धैवताकडं, म्हणजे ध कडं. गाणं वरच्या सा ला जातं, तिथून ध वर उतरून थांबतं. ग ला नुसतं शिवायचं. रे तर असा की पाव्हणा दारातूनच पाणी पिऊन गेला.

"अन् भाव?" मी इचारलं, कारण त्या सारख्या भाव भाव म्हणायच्या.

"तो त्याच्यातूनच येतो," त्या म्हणल्या. सप्तकाचे दोन तुकडे करायचे. ज्या रागाचा कारभारी खालच्या तुकड्यात, तो बहुतेक दुपारपासून मध्यरात्रीपर्यंतचा. ज्याचा वरच्या तुकड्यात, तो मध्यरात्रीपासून दुपारपर्यंतचा. दिस मावळला की आवाज खाली बसतो, मनबी बसतं, म्हणून ग वर टेकलेला भूप शांत वाटतो, देवापुढं बसल्यावानी. सकाळी माणूस उठून कामाला लागलेला, म्हणून देसकार वरून बोलतो, त्याच्यात चपळाई, उजेड. "सूर तेच, पण कुठं टेकला त्यावर रस," बाई म्हणल्या. मी हाव म्हणलं. मनात म्हणलं, पाच सुरांची एवढी भानगड तर सात सुरांचं काय.

तर स्पर्धेच्या आदल्या दिशी आम्ही चाकूरला माझ्या माहेरी मुक्कामाला आलो. तिथून लातूर जवळ. म्हणलं, दुपारी आरामात निघू. सकाळी मी लहान्याचं अंग पुसून राहिले होते अन् फोन आला. स्पर्धावाले.

"ताई, संध्याकाळचं सत्र सकाळी घेऊन राहिलो. हॉलमधी सांजच्याला साखरपुडा हाय. लवकर या."

"अहो दादा, पोरीचा राग संध्याकाळचा हाय."

"मग सकाळचा गावा. पोरींना दोन-चार येतातच की."

"दोन-चार? भाजी हाय का?"

"ताई, मी नियम केला न्हाई. मी मंडपवाल्याचं बघून राहिलो." ठेवला फोन.

मला इतका राग आला. साखरपुडा ह्यांचा, हॉल ह्यांचा, नियमबी ह्यांचाच, अन् पळायचं आम्ही. क्लासच्या बाईंना फोन लावला तर बंद. परत लावला, बंद. त्यांची सकाळची पूजा असती, त्या वेळेला देव आला तरी फोन उचलत न्हाईत. माझी आई म्हणली, "तेच गाऊ दे ना बाई. कोण घड्याळ बघतंय?" मी म्हणलं, आई, तिथं घड्याळच बघायला माणसं बसवली.

एसटीत पोरगी खिडकीशी बसली. लोहाऱ्याला जाणारी एक बाई शेजारी, तिच्या टोपलीवर लहाना पाय देऊन राहिलेला. मग पोरगीच म्हणली, "मम्मी, क्लासमधल्या मोठ्या ताईंना बाईंनी देसकार शिकवला तव्हा मी तिथंच होते. त्यातली बंदिश येते मला."

"समदी?"

"बंदिश येते. आलाप न्हाई येत."

बंदिश म्हणजे बांधलेलं गाणं, ते पाठ करून म्हणता येतं. आलाप आपल्या मनानं वाढवायचा असतो, अन् मनात तर तीन महिन्यांचा भूप मुरलेला. तेवढ्यात बाईंचा फोन आला. एसटीचा आवाज, मी कानात बोट घालून ऐकून राहिले. मी समदं सांगितलं, त्या चिडल्या न्हाईत. निस्तं म्हणल्या, "देसकारच गाऊ दे. आलाप थोडका. सुरुवात वरून करायची, प ध सां, मग ध वर घर. उतरताना ग प ध प, अन् ग रे सा चटकन. तिला एवढंच सांगा, गंधारावर बसू नको. बसली की भूप झाला." मग म्हणल्या, "अन् तुम्ही घाबरू नका, तुमचं बघून ती घाबरते." हे कशाला सांगितलं काय माहीत. त्यानं मी आणखीनच घाबरले.

लातूर येईपर्यंत मी तिच्या कानात तेच. गंधारावर बसू नको. गंधारावर बसू नको. शेवटी ती म्हणली, "मम्मी, तू ग ग करून माझ्या डोक्यात ग च बसवून राहिलीस."

अन् तसंच झालं. स्टेजवर सुरुवात चांगली केली, वरून, बंदिशबी बरोबर म्हणली. मग आलापाला आली, ध वरून खाली उतरली, ग लागला, अन् ओळखीच्या घरी आल्यावानी तिथंच बसली. हॉलबी कसा सुस्त झाला. पुढं बसलेला कुण्या पोरीचा बाप मोबाईल काढून बसला. सकाळच्याला सांज झाल्यावानी वाटायला लागलं, खरं सांगते, मला दिवा लावायची आठवण आली.

पालकांनी खुणा करायच्या न्हाईत हे आधीच माईकवर सांगितलं होतं. खूण केली तर नंबर न्हाई. पण खूण न्हाई केली तर ती तिथंच बुडणार, राग गेला की नंबर तसाबी गेला, अन् क्लासबी. क्लासमधी पोरी खाली अडकल्या की बाई तळहात वर उचलतात, म्हणजे वरच्या तुकड्यात जा. पोरगी माझ्याकडं बघून राहिलेली. तिचा श्वास संपत आला होता.

मी हात उचलला.

तिनं श्वास घेतला अन् प ध सां. वरच्या सा ला उभी राहिली, तिथून ध वर उतरली अन् टेकली. ग प ध प. परत ध. ग ला चटका बसल्यावानी सोडून रे सा. पुढच्या त्या बापानं मोबाईल खाली ठेवला. मधल्या बाईंची मान डोलली. सकाळ परत आली. मी लहान्याला उगंच छातीशी धरलं.

समद्यांचं गाऊन झाल्यावर मधल्या बाईंनी मला पुढं बोलावलं. "ताई, हात तुम्ही केला?"

हात केला तव्हा मांडीवर लेकरू होतं. लेकराला थोपटून राहिले होते म्हणलं असतं तरी चाललं असतं. पण पोरगी शेजारी उभी होती.

"हाव," मी म्हणलं.

"खूण बरोबर जागेवर केली," त्या म्हणल्या. "पुढचं तिचं तिनं गायलं, चांगलं गायलं. पण नंबर देता येणार न्हाई. तिसरा आला असता."

हे तिसऱ्याचं त्या न सांगत्या तर काय बिघडलं असतं. परत येताना एसटीत मी बाहेरच बघून राहिले. पोरगी म्हणली, "मम्मी, तू वर केलास तव्हा मला लगेच कळलं." मी म्हणलं, गप बस.

घरी आल्यावर पप्पांनी चप्पल काढायच्या आत इचारलं, "नंबर?"

मी समदं सांगितलं. साखरपुडा, गंधार, हात, तिसरा. त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणले, "म्हणजे पोरगी पास, तू नापास."

"मग माझा क्लास बंद करा," मी म्हणलं. "तिचा कशाला?"

सोमवारी क्लासला जायला ऑटो मात्र त्यांनीच बोलावला.

क्लासच्या बाईंनी समदं ऐकलं अन् मला म्हणल्या, आता तुम्ही दाराशी बसायचं न्हाई, खाली बसा, तिला एकटीला अडकू दे अन् एकटीला निघू दे. आता मी लहान्याला घेऊन खाली जिन्यापाशी बसते. वरून आवाज येतो, पण कुठला सूर ते नीट कळत न्हाई, अन् ती ग वर अडकली का काय ह्या भीतीनं माझा जीव खालीवर होत राहतो. समदे मला सांगतात, हात करायचा नव्हता. माझी आईबी म्हणती. करायचा नव्हता तर काय करायचं होतं? तुमची पोरगी तिथं अडकली असती अन् तुमच्याकडं तशी बघून राहिली असती, तर तुम्ही काय केलं असतं?