दोरे बांधलेली खुर्ची

अप्पा चहा बशीत ओतायचे, निवला की परत कपात ओतायचे आणि मग प्यायचे. फोन उचलल्यावर ‘हॅलो’ नाही, ‘सांगा’. नवा कामगार रुजू झाला की सह्या घेण्याआधी त्याला पिण्याचं पाणी कुठे आहे ते दाखवायचे. खिशात रुमाल म्हणून कारखान्यातलाच नॅपकिन, काठ उसवलेला, विक्रीला न गेलेला. डब्यातली शेंगा चटणी पहिल्यांदा दुसऱ्याच्या भाकरीवर. समोरचं माणूस रडायला लागलं की उठून खिडकी उघडायचे, म्हणजे त्याला तेवढ्यात डोळे पुसता यावेत. राग आला की कन्नड.

हे सगळं आता भूतकाळात लिहावं लागतं आहे. हाताला अजून सवय नाही.

प्रभुलिंग हिरेमठ. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा एक मध्यम कारखाना आहे, तिथले पर्सोनेल ऑफिसर. सगळे त्यांना अप्पा म्हणत. मी मराठी घेऊन एम.ए. झाले आणि या कारखान्याच्या कॅटलॉगचा मजकूर लिहू लागले. माझं वय त्यांच्या धाकट्या मुलाएवढं. तरी ते मला अक्का म्हणायचे. मैत्री कशी झाली हे विचारलं तर मला सांगता यायचं नाही. एका भांडणातून झाली, एवढं आठवतं.

भांडण खुर्चीवरून होतं.

कारखान्यात नवी जागा काढायची झाली की अप्पांची एक पद्धत होती. माणूस शोधण्याआधी ते त्या जागेची रिकामी खुर्ची मांडायचे. चांगले दोन-तीन आठवडे. ज्याला त्या माणसाची गरज पडेल त्याने आपल्या खात्याचा एक दोरा खुर्चीच्या हाताला बांधायचा आणि काम काय होतं ते अप्पांना सांगायचं. मागावरच्यांचा पांढरा ताण्याचा दोरा. रंगाईचा निळा. फोल्डिंगचा लाल शिलाईचा दोरा. ऑफिसची सुतळी. मग अप्पा खुर्ची बघायचे. रोज कुणीतरी दोरा बांधतंय आणि उद्या काय निघेल ते आज सांगता येत नाही, तर जागा पूर्णवेळ. एका ऑर्डरपुरती दोऱ्यांची गर्दी आणि मग शुकशुकाट, तर मुदतीचा करार. काम आधीच नीट सांगता येतं, बाहेर नेऊन आपल्या वेळेने करता येतं, हातात दिलं की संपतं, तर फ्रीलान्स.

माझ्यासाठी मांडलेल्या खुर्चीला जेमतेम चार सुतळ्या लागल्या. मला पूर्णवेळ नोकरी हवी होती. अप्पांनी फ्रीलान्स ठरवली.

“अप्पा, तुम्ही मनात आणलं असतं तर झालं असतं,” मी म्हणाले.

“झालं असतं. आणि तू दिवसभर काय केलं असतंस? माझं तोंड बघितलं असतंस?” ते म्हणाले. “चार दिवसांचं लिखाण आहे, अक्का. ते कर, दाम घे, आणि बाकीच्या दिवसांत दुसऱ्या कारखान्यांचंही लिही. कुणी अडवलं तर मला सांग. दुसरीकडे काम करू नको म्हणायचं असेल तर मग नोकरीच द्या, असं मी मालकांना सांगेन.”

मी रागाने डबा न उघडता बसले. त्यांनी माझ्या पुढ्यात चटणी ठेवली. तेव्हापासून आम्ही एकत्र जेवतो. जेवत होतो.

मागच्या दिवाळीनंतर अप्पांच्या निवृत्तीचा विषय निघाला. थोरल्या मालकांचा मुलगा शिवराज पुण्याहून शिकून आलेला, आता तोच कारभार बघतो. मनाने वाईट नाही. मी कॅटलॉगची पानं दाखवायला गेले होते, तेव्हा तो अप्पांशी हेच बोलत होता.

“अप्पा, तुमच्या जागी पूर्णवेळ माणूस कशाला? पगारपत्रक सॉफ्टवेअर करतं. पीएफचा भरणा ऑनलाइन. पुण्यात एक एजन्सी आहे, लागेल तेव्हा फोन करायचा.”

“मग मलाच एजन्सी करा की.”

“चालेल. तुम्ही फ्रीलान्स या. फक्त रोज दहाला येऊन बसा आणि मी सांगेन ते बघा. पगार नाही, फी.”

अप्पांनी कप खाली ठेवला. “दादा, दहाला यायचं तुम्ही ठरवणार. टेबल तुमचं, कॉम्प्युटर तुमचा, हुकूम तुमचा. मग त्याला फ्रीलान्स म्हटलं काय आणि गोविंदा म्हटलं काय? तपासणीला आलेला माणूस कागदावरचं नाव नाही बघत. कोण कुणाच्या हुकमाने बसलाय ते बघतो.”

“बरं, मग वर्षाचा करार?”

“कराराला शेवट लागतो. एखादी ऑर्डर संपते. माणसांच्या अडचणी कधी संपणार, ते मला सांगा म्हणजे तशी तारीख घालतो. आणि मुदतीच्या माणसालाही पीएफ, ईएसआय कायमवाल्याइतकंच द्यावं लागतं. वाचणार काय?”

शिवराज हसला. “म्हणजे पूर्णवेळच.”

“असं मी म्हणालो नाही. मी त्या खुर्चीवर बसलोय, मला ती मोठीच दिसणार. माझीच खुर्ची मांडा. मी गोदामाशेजारी बसतो. आधी दोरा, मग अप्पा.”

जेवताना ते भाकरी मोडत नुसते बसले. मग म्हणाले, “ही जागा राहायला हवी, अक्का. सोनाबाईचं बोट मशीनमध्ये सापडलं तेव्हा दवाखाना, अपघाताचा रिपोर्ट, तिच्या घरी निरोप, सगळं एकाच वेळी करायचं होतं. एजन्सीचा फोन एंगेज असता तर?”

“मग तसं दादांना सांगा ना.”

“एका बोटावर जागा नाही काढता येत. दोरे सांगतील.”

दोऱ्यांनी सांगितलं खरं, पण जास्तच.

पहिला आठवडा ठीक गेला. मग बातमी फुटली की ही खुर्ची अप्पांचीच आहे. एका सकाळी आम्ही पाहतो तर खुर्चीचे दोन्ही हात दिसेनासे झालेले. लाल, निळे, पांढरे, गाठीवर गाठी. कुणी टॉवेलची झालर कापून बांधलेली. कुणी गाठीत झेंडूचं फूल खोचलेलं. दोरा बांधणाऱ्यांतले बरेचसे गोदामाकडे फिरकलेच नव्हते.

“अप्पा, निवडणूक जिंकलात!” शिवराज म्हणाला. “मी हरलो. जागा पूर्णवेळ.”

अप्पा हसले नाहीत. काहीतरी कन्नडमध्ये पुटपुटले. मग म्हणाले, “हे मत झालं, दादा. मी काम विचारलं होतं. थोडा वेळ द्या. मी एकेक सोडवतो.”

त्यांनी डाव्या हातापासून सुरुवात केली. गाठीला बोट लावायचं, खात्यातून माणूस बोलवायचा, विचारायचं. खरा असेल तर दोरा राहील, नसेल तर सुटेल.

सोनाबाई आली. फोल्डिंगला आहे, पदर खोचून चालते.

“हा लाल तुझा?”

“व्हय.”

“काम काय होतं?”

“काम कशाला पायजे? तुमी ऱ्हावं म्हणून बांधला.”

“मी जाणारच आहे गं. जागा राहते का ते बघायचंय.”

“मग जागेला बांधला म्हणा की.”

अप्पांनी गाठ सोडवली आणि दोरा तिच्या हातात दिला. ती दोरा बोटाला गुंडाळत बघत राहिली. तेच बोट, टोक नसलेलं.

“लई वाईट मानूस हाय तुमी, अप्पा,” ती म्हणाली आणि गेली. अप्पा खिडकी उघडायला उठले.

सिद्धप्पाचा पांढरा दोरा मात्र राहिला. तो मागांचा जॉबर, माग बिघडले की दुरुस्त करणारा. “दोगं भांडलं, एक माग सोडून घरी निघाला, दुसरा हात लावंना. तुमी मदी स्टूल टाकून बसला तवा माग चालू झाला. इसरला व्हय?”

“विसरलो नाही. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं.”

एक सुतळी हिशेबनिसाची होती, पगारपत्रकाची. ती अप्पांनी सोडवली आणि खुर्चीच्या पाठीला वेगळी बांधली.

“ही तर खरी आहे,” मी म्हणाले.

“खरी आहे. पण हे काम दर महिन्याला ठरल्या वेळी येतं, काय करायचं ते ठरलेलं आहे. हे पुण्याला जाऊ शकतं. दादांचं तेवढं बरोबर आहे.”

मला राहवलं नाही. “अप्पा, दादा तर हो म्हणाले होते. तुम्हाला जागा राहायला हवी होती ना? मग स्वतःच्या हाताने कशाला सोडवताय?”

ते पुढची गाठ नखाने सैल करत होते. “आज राहिली असती. वर्षभराने नव्या माणसाकडे काम नाही म्हणून ओरड झाली असती, आणि त्या बिचाऱ्याला काढलं असतं. खोट्या दोऱ्यांवर माणूस बसवू नये, अक्का.”

गड्ड्याच्या जत्रेच्या सुट्टीआधी डावा हात पूर्ण झाला. बरेच दोरे सुटले होते. जे राहिले होते ते विरळ होते, पण प्रत्येकाला काम होतं. अप्पांनी नॅपकिनने हात पुसले.

“उजवा हात गड्ड्यानंतर,” ते म्हणाले. “नंदीध्वजांची मिरवणूक बघायला येशील ना? घरी ये आधी. तुझी काकू खिचडी करते.”

मी गेले नाही. दुसऱ्या एका कारखान्याचं लिखाण द्यायचं होतं. अप्पा मिरवणूक बघून घरी आले, छातीत दुखतं म्हणाले, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मला सिद्धप्पाचा फोन आला. मी ‘हॅलो’ म्हणाले. पलीकडे तो रडत होता.

कारखाना उघडला तेव्हा खुर्ची होती तिथेच होती. शिवराज तिच्यासमोर उभा होता. त्याने पुण्याच्या एजन्सीला थांबायला सांगितलं आहे. जाहिरातही दिलेली नाही.

“डाव्या हातावर पूर्णवेळ दिसतं,” तो हळू आवाजात म्हणाला. “पण अर्ध्यावर ठरवलं तर अप्पा मला बोलले असते. ज्ञानदा, उजवा हात तू करशील का? त्यांची पद्धत तुला माहीत आहे.”

मी बघते म्हणाले. स्टूल घेऊन बसले. पहिल्या गाठीला बोट लावलं.

ती नवी होती. शेजारचीही. माझ्या मागे सोनाबाई उभी होती. “तो माजा,” ती म्हणाली. “ह्यांचं ईएसआयचं कारड करायचं हाय. दवाखान्यात मागत्यात. कुनाला सांगू, कळंना. म्हनून बांधला.”

अप्पा गेल्यावरही लोक येत होते. दोरा बांधत होते आणि गोदामाकडे जाऊन परत फिरत होते. नवे दोरे जुन्यांत गुंतले आहेत. सोनाबाईचं काम मी एका कागदावर लिहून घेतलं आणि शिवराजकडे दिलं. तिची गाठ तशीच ठेवली.

तिच्याखाली अप्पांच्या वेळचे दोरे आहेत. झेंडूचं फूल वाळून गेलं आहे. कोणता दोरा कामाचा आणि कोणता नुसता अप्पांसाठी, ते एकेकाला बोलावून विचारायचं होतं. मी अजून कुणालाच बोलावलेलं नाही. उजवा हात अजून तसाच आहे.