चित्र नसलेला फासा

आमच्या इंद्रभान गुरुजींचा दोन गोष्टींवर फार भरवसा होता. एक त्यांची सायकल आणि दुसरी सात ही संख्या.

उंद्रीच्या शाळेत ते चौथीला शिकवायचे. एकोणीसशे एकाहत्तरचं साल असेल. चौथीच्या स्कॉलरशिपची परीक्षा चिखलीला, पेपर सकाळी दहाला, आणि पहिली एसटी तिथं अकराला टेकायची. म्हणून गुरुजी मुलांना सायकलवरून न्यायचे. पुढच्या दांडीवर एक, मागच्या कॅरिअरवर एक. त्यामुळे आमच्या गावातून दरवर्षी दोनच हुशार मुलं निघायची. सरकारनं तसं काही ठरवलेलं नव्हतं, ते सायकलनं ठरवलेलं होतं. सराव पेपरात पहिले दोन येतील ते बसणार, बाकीच्यांनी घरचा रस्ता धरायचा.

मी कोकिळा. माझी आई सोजराबाई वांगी-मिरची पिकवायची. स्कॉलरशिप मिळाली तर पाचवीत घालीन, नाहीतर मळ्यात कामाला हात हवेतच, असं तिनं सरळ सांगितलं होतं. त्यात तिचा दोष नव्हता, पण वांगी तोडताना बोटांत काटे घुसतात आणि मला ते मुळीच आवडायचं नाही. म्हणून मला सायकल हवी होती.

बुद्धिमत्तेच्या तासाला गुरुजी एक डबा उघडत. त्यात बाभळीच्या लाकडाचा एक ठोकळा होता. बाहेरून सगळा गेरूनं रंगवलेला, आणि मग सुतारानं सहा काप देऊन सत्तावीस तुकडे केलेला.

"तीन बाजू रंगलेले किती?"

"आठ!" कोपऱ्यातले आठ आम्ही काढून दाखवायचो.

"दोन बाजू?"

"बारा!"

"किमान दोन?"

इथं निम्मी मुलं पुन्हा बारा म्हणायची आणि गुरुजी खूश व्हायचे. मुलं चुकली की त्यांना शिकवल्याचं समाधान मिळायचं. "किमान म्हणजे कमीत कमी, बे. कोपऱ्यातल्या आठायले दोन बाजू नाहीत काय? वीस झाले ना!" मग एक बाजू रंगलेले सहा, आणि शेवटी अगदी पोटातून निघालेला एकटा कोरा तुकडा. तो मात्र ते आमच्या हाती देत नसत. सदऱ्याच्या खिशात टाकून म्हणत, "हा मी. साऱ्यायच्या मधात राहून रंग लागू देला नाही." त्यांचा सदरा खडूनं आणि पानाच्या पिंकेनं चांगला रंगलेला असायचा, पण ते बोलायची कोणाची हिंमत नव्हती.

ठोकळ्याच्या बाबतीत ते कधी चुकले नाहीत, कारण ते मोजून पाहायचे. फाशाच्या बाबतीत मात्र त्यांनी मोजणं सोडून दिलं होतं. देऊळगाव राजाच्या बालाजीच्या यात्रेतून आणलेला एक फासा त्यांच्याकडे होता. एकासमोर सहा, दोनासमोर पाच, तीनासमोर चार. "समोरासमोर बेरीज सात. देवाच्या यात्रेतला फासा खोटं बोलत नसते."

सराव पेपर तालुक्याहून सायक्लोस्टाइल होऊन आला. विसावा प्रश्न असा होता: वरील आकृतीची घडी घालून घन केल्यास ३ च्या समोर कोणता अंक येईल? वर आकृती नव्हतीच. स्टेन्सिल फाटलं असावं, तिथं शाईचा एक काळा डाग पडला होता.

सगळ्या वर्गानं चार लिहिलं. मी त्या डागाकडे पुष्कळ वेळ पाहिलं आणि लिहिलं, 'चित्र नाही, सांगता येत नाही.'

निकाल लागला. पन्नासपैकी पंचफुलाला चव्वेचाळीस, रुख्मिणीला बेचाळीस आणि मला एक्केचाळीस. रुख्मिणी म्हणजे गुरुजींची मुलगी. माझ्याच शेजारी बसायची.

मी उभी राहिले. डोळ्यांसमोर वांग्यांची काटेरी देठं दिसत होती.

"काऊन उभी राह्यली वं?" गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, विसाव्या प्रश्नात चित्रच नाही. मंग चार कसं येते?"

"चित्र गेलं तं जाऊ दे. नियम तं आहे ना? बेरीज सात."

"मले तुमचा कोरा ठोकळा देता काय?"

वर्ग हसला. गुरुजींनाही गंमत वाटली असावी, कारण त्यांनी खिशातून तो काढून माझ्या हातावर ठेवला. मी दप्तरातला कोळशाचा तुकडा घेतला, एका बाजूला तीन लिहिलं, उलटवून बरोबर समोर पाच लिहिलं, आणि उरलेल्या चार बाजूंवर एक, दोन, चार, सहा.

"आता तीनासमोर पाच आहे. बेरीज आठ. मले कोनं अडवलं?"

"यात्रेतला फासा..."

"यात्रेतला फासा खेळाचा आहे, गुरुजी. पेपरातला तं पेपर बनवनाऱ्यानं आपल्या मनानं काढला असंन. तो डागाखाली गेला."

आज आठवलं तरी मला माझा राग येतो आणि हसूही येतं. दहा वर्षांची पोर, आणि गुरुजींना फासा शिकवते! गुरुजींनी ठोकळा घेतला. हळूहळू फिरवला. तीन वर धरून भोवतालचे आकडे बोटानं मोजले, एक, दोन, चार, सहा. मग खाली पाहिलं. पुन्हा मोजले. मग खिशातून यात्रेतला फासा काढून टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे असं पाहिलं, जसं काही तो इतकी वर्षं त्यांच्या नावावर खोटं बोलत होता.

"चार शेजारी," ते म्हणाले. "उरला तो समोरचा. शेजारी दिसल्याबिगर समोरचा सांगता येत नाही." आणि लाल पेन उघडलं.

चार लिहिणाऱ्या सगळ्यांचा एक गुण कापला, माझा एक वाढवला. पंचफुला त्रेचाळीस. मी बेचाळीस. रुख्मिणी एक्केचाळीस. हा आकडा लिहिताना त्यांचा हात थांबला नाही, मी पाहत होते. रुख्मिणी मात्र बाकावर डोकं ठेवून रडली.

घरी आशाबाई, म्हणजे गुरुजींच्या बायको, आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. रुख्मिणी माझ्याशी त्याहून जास्त दिवस बोलली नाही. बोलली ती परीक्षेच्या सकाळी. मी दांडीवर बसले होते, पंचफुला मागे. ती धावत आली, आपली टोक केलेली पेन्सिल माझ्या हातात कोंबली आणि म्हणाली, "तुह्या पाचानं माही सायकल गेली. आता पास तरी होजो."

पेपरात फाशाची दोन चित्रं होती, अगदी स्वच्छ. एकात एक, दोन, तीन दिसत होते. दुसऱ्यात तीन, चार, सहा. तीनाच्या समोर काय? पर्यायांत चारही होता. मी रुख्मिणीच्या पेन्सिलीनं पाच लिहिलं.

मला स्कॉलरशिप मिळाली. मी पुढे मास्तरीण झाले, आणि गुरुजींच्याच शाळेत आले. ते निवृत्त झाले त्या दिवशी मी विचारलं, "गुरुजी, तेव्हा तुमच्या ध्यानात होतं ना, गुण कापले तं रुख्मिणी जाईल?"

"होतं ना. मी बी बेरीज करून पाह्यली." त्यांनी खिशात हात घातला आणि तो ठोकळा माझ्या टेबलावर ठेवला. कोळसा केव्हाच पुसला होता. तीन आणि पाच मात्र त्यांनी चाकूनं कोरून घेतले होते. "हा आता कोरा राह्यला नाही, बाई," ते म्हणाले, "तूच ठेव."