माळावरून आलेला तिचाच आवाज

आटपाडीच्या डॉक्टर प्रांजलचा उजवा खांदा बरीच वर्षं दुखत होता. अडलेल्या म्हशीच्या पोटात हात घालून वासरू फिरवायचं काम खांदा खाऊन टाकतं, हे तिला कॉलेजातच सांगितलं होतं. तिनं मनावर घेतलं नाही. शेवटी हात डोक्याच्या वर जाईना, तेव्हा सांगलीला ऑपरेशन ठरलं आणि दवाखाना दोन आठवडे बंद ठेवणं भाग पडलं.

दवाखाना बंद म्हणजे जनावरांनी आजारी पडायचं थांबवलं असं नाही. दिघंचीचे डॉक्टर जोतीराम तिच्यापेक्षा मोठे, कॉलेजचे सीनियर. तिनं त्यांना गळ घातली. ते म्हणाले, "तातडीचं तेवढं बघतो. बाकीचं माझ्या गळ्यात बांधू नको."

मग तिनं नेहमीच्या लोकांना निरोप पाठवला. गोठेवाल्यांना लिहून आणि माळावरच्या मेंढपाळांना फोनात आवाज रेकॉर्ड करून, कारण त्यातल्या निम्म्यांना वाचता येत नव्हतं. बोलताना तिनं त्यांचीच भाषा धरली:

"मी डॉक्टर प्रांजल बोलतीया. खांद्याचं ऑपरेशन हाय, दोन आठवडे मी इथं न्हाई. जनावर विताना अडलं, पोट फुगलं, न्हाईतर विल्यावर आडवं पडलं, तर माझ्याच नंबरावर फोन करा. त्यो जोतीराम डॉक्टरांकडं जाईल. गाभण तपासायची, जंताचं औषध द्यायचं, ते मी आल्यावर. घाबरू नका."

फोन वळवून ती सांगलीला गेली. ऑपरेशन नीट झालं. हात झोळीत अडकवून ती घरी आली आणि बऱ्याच वर्षांनी दुपारची झोपायला लागली.

एका सकाळी जोतीरामांचा फोन आला, तो तिच्या नवऱ्याच्या, ऋषिराजच्या मोबाईलवर. तिला लावला असता तर फिरून त्यांच्याकडेच गेला असता.

"प्रांजल, तुझं कोण गिऱ्हाईक हाय हे? पहाटेपासनं फोन येतोय. उचलला की बोलत कुणी न्हाई. नुसता श्वास. मी उलटा लावला, तरी तसंच."

"आणखी काही ऐकू येतंय का, सर?"

"मागं म्हैस वरडतीया. बास."

त्यांनी नंबर सांगितला. तिनं आपल्या फोनात पाहिला. मनुबाई.

मनुबाई म्हणजे माळावरच्या वस्तीवरची धनगराची म्हातारी. मुलगा बिराप्पा आणि सून दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कराडकडं उसाच्या रानात उतरायचे, ते पावसाला परतायचे. तोवर घरी ती एकटी, एक म्हैस आणि चार शेरडं. तिचा फोन आला की हॅलो म्हणायच्या आत ती बोलायला लागायची. म्हशीचं, सुनेचं, गुडघ्याचं सगळं सांगून झाल्यावर शेवटी काम सांगायची.

"सर, ती गप्प बसणारी बाई नाही," प्रांजल म्हणाली. "मला घेऊन चला."

"तू बिछान्यातनं उठू नको म्हणून तर मी हाय ना?"

"वस्ती तुम्हाला सापडायची नाही."

जोतीराम कुरकुरत गाडी घेऊन आले. ऋषिराजनं तिच्या हाताखाली उशी दिली. डांबरी संपल्यावर प्रत्येक खड्ड्याला तिच्या खांद्यातून कळ गेली. मनुबाईचा फोन आता नुसता वाजत होता, कुणी उचलत नव्हतं.

वस्तीवर पोचले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. एरवी गाडीवर धावून येणारं कुत्रं दारापासून लांब, शेपूट पायांत घालून उभं होतं. चुलीवर भाकरीसोबतचं कोरड्यास जळून काळं झालेलं. दार उघडं. वारा नव्हता. बाभळीचं पानसुद्धा हलत नव्हतं.

आणि मग गोठ्यातून आवाज आला.

"मी डॉक्टर प्रांजल बोलतीया. खांद्याचं ऑपरेशन हाय, दोन आठवडे मी इथं न्हाई..."

प्रांजलचे पाय जागच्या जागी थांबले. जोतीरामांनी तिच्याकडे पाहिलं, मग गोठ्याकडे. तिचे ओठ मिटलेले होते.

"...घाबरू नका," आवाज शेवटी म्हणाला. मग शांतता. मग पुन्हा पहिल्यापासून, "मी डॉक्टर प्रांजल..."

पुढं कितीतरी दिवस तिला ते शब्दांत धरता आलं नाही. आपण खरंच इथं नाही, कुठंतरी ऑपरेशनच्या टेबलावरच राहिलो आणि हे अंगण बघतंय ते दुसरंच कुणी, असं त्या घटकेला तिला वाटलं होतं. तिनं डाव्या हातानं झोळीतला उजवा हात दाबला. कळ आली. तेवढाच तिला आधार वाटला.

"आजी!" तिनं हाक मारली.

आवाज मधेच तुटला. मग पुन्हा सुरू झाला.

मनुबाई म्हशीच्या दावणीला टेकून पडली होती. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात लाकडासारखा. भरल्या कासेची म्हैस तिच्यावर मान वाकवून उभी होती आणि एक पाऊलसुद्धा हलत नव्हती. मनुबाईच्या डाव्या हातात फोन होता. आवाज संपला की म्हातारीचा अंगठा थरथरत खाली यायचा आणि आवाज पुन्हा सुरू व्हायचा. डोळे उघडे होते. तिनं प्रांजलला पाहिलं, फोनकडं पाहिलं, परत प्रांजलला पाहिलं. त्या नजरेत ओळख होती आणि भीतीही. आवाज हातात आणि माणूस समोर, हे तिला जुळत नव्हतं.

"अर्धांग," जोतीराम हळूच म्हणाले. "पहाटे पडली असणार. बोलता येत न्हवतं म्हणून नुसता श्वास." त्यांनी एकशे आठला फोन लावला. रुग्णवाहिका अर्ध्या वाटेवर भेटेल, असं तिकडून सांगितल्यावर त्यांनी म्हातारीला कुशीवर धरून गाडीत घेतलं. तोंडात पाणी घालू दिलं नाही. निघताना फोन सोडवायला गेले, तर तिनं मूठ उघडली नाही.

सांगलीच्या सरकारी दवाखान्यात जीव वाचला. उशीर झाला होता, पण आणखी एक रात्र गेली असती तर काही उरलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. बिराप्पा मेंढरं पाहुण्यांवर टाकून धावत आला. म्हैस आणि शेरडं जोतीरामांनी शेजारच्या वस्तीवर नेऊन बांधली. तातडीत हे बसतं का, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही.

पाऊस सुरू व्हायच्या सुमारास बिराप्पाचा फोन आला. "बाई, आई चालती आता काठी धरून. पर बोलणं गेलं. एवढंच म्हणती." त्यानं फोन आईच्या तोंडाशी धरला.

"घाबरू नका," पलीकडून आलं.

सूर म्हातारीचा नव्हता. ती कधी कुणाला नका म्हणायची नाही, सगळ्या जगाला अरे-तुरे करायची. शेवटचं अक्षर किंचित लांबवायची लकब प्रांजलची होती. भूक लागली तरी म्हातारी तेच म्हणे, सुनेवर चिडली तरी तेच. मेंदूला मार बसला की कधीकधी एखादंच वाक्य मागं राहतं, असं डॉक्टरांनी बिराप्पाला समजावलं होतं. प्रांजललाही ते ठाऊक होतं. तरी त्या रात्री तिनं स्वतःच्या फोनातलं ते बोलणं पुसून टाकलं आणि मग बराच वेळ ऋषिराजशी उगाचच काहीबाही बोलत बसली.

पुढल्या वर्षी तिला परत सुट्टी घ्यायची होती. या वेळी तिनं जोतीरामांना एकट्या राहणाऱ्यांकडं एक दिवसाआड फोन करायला सांगितलं. ते म्हणाले, "करतो. न्हाई उचलला तर जातो." बाकीच्यांना लिहून कळवलं. मनुबाईला सांगायला मात्र ती स्वतः वस्तीवर गेली.

ओट्यावर बसून तिनं सगळं सांगितलं. कधी जाणार, कधी येणार, तोवर कोण येईल. म्हातारी टक लावून ऐकत होती. मधेच तिनं डावा हात उचलला आणि प्रांजलच्या ओठांवर ठेवला. आंधळ्यानं चाचपावं तशी बोटं. "बोल," असं तिला म्हणायचं असावं.

प्रांजल बोलत राहिली. शब्दागणिक म्हातारीची बोटं हलत होती. बऱ्याच वेळानं तिनं हात खाली घेतला, पदराला पुसला आणि सुनेला चहा टाकायची खूण केली.