उत्तराला लागलेला वेळ

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. "तुमच्या खोल्या एकदम कशा भरायला लागल्या हो?" असं कुणी विचारलं की मी मेलच्या आकड्यांची गोष्ट रंगवून सांगायचो. ती खोटी नाही, पण तिच्यातला एक भाग मी दर वेळी गाळला. माझं ऐकून ज्यांनी टाळ्या वाजवल्या ते अजून तेच धरून आहेत, म्हणून आता पूर्ण लिहितो.

चक्रीवादळात आमची दिवेआगरची वाडी आडवी झाली. सुपारी पुन्हा धरायला वर्षं जातात, तोवर खायचं काय? म्हणून मागच्या अंगाला चार खोल्या बांधून होमस्टे सुरू केला. स्वयंपाक बायकोचा, वाडी आणि पाहुण्यांची ने-आण मुलाची, मेल सुनेकडे. लग्नाआधी ती पनवेलला एका कुरिअर कंपनीत ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं द्यायची. मी तहसील कचेरीतून निवृत्त झालेला, जन्म आवक-जावकमध्ये गेलेला. त्यामुळे मेलमध्ये अधूनमधून मीही हात घालायचो.

दिवाळीच्या सुट्टीत एकाच खोलीसाठी दोन कुटुंबं बॅगांसकट दारात उभी राहिली. दोघांकडेही आमच्याच मेलवरून गेलेला होकार. पडवीत सगळ्यांसमोर मी सुनेला म्हणालो, "कुरिअरमध्ये पार्सलंही अशीच हरवायचीस का गं?" पाहुण्यांपैकी एकजण हसला. मुलाने एका कुटुंबाची सोय शेजारी लावून दिली आणि मी त्याच संध्याकाळी मेलचा पासवर्ड बदलला. आता सगळा पत्रव्यवहार मी पाहणार होतो.

थंडीचा मोसम कोरडा गेला. शनिवार-रविवारीही दोन-दोन खोल्यांना कुलूप. एके दिवशी जेवताना मुलगा म्हणाला, "बाबा, मे महिन्याच्या सुट्टीत खोल्या भरल्या नाहीत तर आम्ही दोघं पनवेलला जातो. मला तिथं गाडीवर काम मिळतंय." बायकोचा घास हातातच राहिला. मी म्हटलं, "पाहुणेच कमी झालेत, त्याला मी काय करू?"

दुसऱ्या दिवशी सून लॅपटॉप घेऊन पडवीत आली.

"बाबा, पासवर्ड नका सांगू. खातं तुम्हीच उघडा, मी शेजारी बसते. पाहुणे कमी झालेत की आपण उशिरा उत्तर देतोय, एवढं बघू."

तिने खात्यातली सगळी पत्रं उतरवून घेतली. मजकूर बाजूला ठेवला. पाठवणारा कोण, पत्र कधी आलं आणि त्याच्याखाली आपलं उत्तर कधी गेलं, एवढंच तक्त्यात मांडलं. कुरिअरमध्ये दर आठवड्याला असा तक्ता भिंतीवर लागायचा म्हणे.

आठवड्याला येणाऱ्या पत्रांचा ढीग केवढा तरी मोठा निघाला, पण त्यात पाहुण्यांची चौकशी मूठभर. सर्वांत जास्त पत्रं पाठवणारी बुकिंगची वेबसाइट, तिच्या खालोखाल सोलर हीटरवाला, आणि तिसरा मी.

"हे कोण?" बायको पदराला हात पुसत वाकून बघत होती. "तुम्हीच? स्वतःला पत्रं लिहिता?"

"आठवणीसाठी पाठवतो."

"मग उत्तर देता की नाही स्वतःला?"

सून तोंड दाबून हसली. मलाही हसू आलं. पण पुढचा रकाना पाहून ते विरलं. पासवर्ड माझ्याकडे आल्यापासून बहुतेक चौकश्यांसमोर एकच शेरा होता: उत्तर नाही.

मी चिडलो. "साफ खोटं! एकूण एक पत्राला उत्तर दिलंय मी."

दिलं होतं, पण कचेरीच्या सवयीने. आलेल्या पत्राखाली उत्तर न लिहिता मी दर वेळी नवं कोरं पत्र काढायचो, नवा विषय घालून. त्यामुळे ते मूळ पत्राच्या साखळीत जातच नसे आणि तक्त्याला दिसत नसे. सुनेने वाद घातला नाही. पाहुण्याचा पत्ता आणि तारीख जुळवून माझी उत्तरं शोधायला लागली. एखादं महिनाभर रखडलेलं पत्र सरासरी बिघडवतं, म्हणून सगळ्या वेळा लहानापासून मोठ्यापर्यंत लावून मधली वेळ धरली. तिच्या काळात ती तास-दीड तास होती. माझ्या काळात दीड दिवसाच्या वर. मी आलेल्या क्रमाने पत्रं हातावेगळी करायचो. सोलर हीटरवाल्याची जाहिरात आधी, वाट बघणारा पाहुणा नंतर. तोवर तो श्रीवर्धनला खोली घेऊन मोकळा व्हायचा.

पत्ते जुळवताना दिवाळीची ओळ आली. दुसऱ्या कुटुंबाला तिने होकार दिला त्याच्या आदल्या दिवशी पहिल्या कुटुंबाला होकार गेलेला होता. माझा. नव्या कोऱ्या पत्रात. खोली कुणाला दिली हे ती त्या त्या चौकशीखालचं उत्तर पाहून ठरवायची. पहिल्या कुटुंबाचं पत्र मी उघडलेलं होतं, पण त्याखाली होकार दिसला नाही, म्हणून खोली मोकळी समजून तिने ती पुढच्याला दिली. तिचं बोट त्या ओळीवर थांबलं. मी समुद्राच्या दिशेला बघत बसलो. मग तिने तक्ता वर सरकवला आणि म्हणाली, "बाबा, आजपासून उत्तर त्याच पत्राखाली लिहायचं. जमेल ना?"

"जमेल," मी म्हटलं. तेवढंच.

आणि जमलं! जाहिराती बंद केल्या. वेबसाइटच्या सूचना आपोआप वेगळ्या कप्प्यात जातील अशी चाळणी लावली. तो कप्पा रविवारी एकदाच उघडायचा. चौकशी तेवढी समोर. मेल बघायचा सकाळच्या चहापासून दिवेलागणीपर्यंत, दर तासाला. दर, जेवण, रस्ता यांचं उत्तर तयार ठेवलं, वर फक्त पाहुण्याचं नाव आणि त्याच्या प्रश्नाचं उत्तर घालायचं. होकार गेला की लगेच कॅलेंडरात खूण. मी स्वतःला पत्रं लिहिणं सोडलं आणि पासवर्ड सुनेला परत दिला.

दर रविवारी ती तक्ता काढायची. ढीग उतरत गेला, मधली वेळ दिवसावरून तासांवर आली, मग तासाच्याही आत. होळीला तीन खोल्या गेल्या. मे महिन्यात चारही भरल्या, वर माणसं विचारत होती की पडवीत झोपू का. वाडीत कामाला येणारा गडी म्हणायचा, "काका, आता तुमी आमच्या घराला पन पावनं धाडा. जागा हाय." मुलाने पनवेलला फोन करून नकार कळवला तेव्हा बायकोने भरदुपारी उकडीचे मोदक केले. इतका आनंद आमच्या घरात वादळानंतर नव्हता.

गावातल्या होमस्टेवाल्यांच्या सभेत मला बोलायला बोलावलं. मधली वेळ, चाळणी, त्याच पत्राखाली उत्तर, सगळं समजावलं. छाती फुगली होती. कुणीतरी विचारलं, "काका, हे डोकं कुणाचं?" सून शेवटच्या रांगेत बसली होती. मी म्हणालो, "कचेरीतला अनुभव." टाळ्या पडल्या. तिनेही वाजवल्या.

तिच्या पद्धतीने आज गावातली निम्मी घरं चालतात आणि आमच्या खोल्या बहुतेक भरलेल्याच असतात. तिला एकटीला गाठून बोलायची संधी मला शंभरदा मिळाली. पण आरोप मी चारचौघांत केला होता, तर माफीही तशीच हवी, असं म्हणत प्रत्येक वेळी ती पुढे ढकलली. सभा पुढेही झाल्या. त्यातल्या एकीत मला उभं राहून एवढंच म्हणायचं होतं, ते राहूनच गेलं, म्हणून इथे लिहितो: पोरी, दिवाळीला ती खोली दोनदा माझ्यामुळे दिली गेली. तुझी चूक नव्हती. मला त्या तक्त्यातच दिसलं होतं, आणि मला दिसलंय हे तुलाही कळलं होतं. मला माफ कर.