खारबोरीचा थांबा

नमिता रामवाडीची. पेणच्या एसटी स्टँडमागे दोन खोल्यांत आईबरोबर राहायची. धाटावच्या एका केमिकल कंपनीत टाइम ऑफिसला लागली, तेव्हा तिला कॉम्प्युटर येतो एवढंच आम्हाला माहीत होतं. मी तिथे टाइमकीपर होतो. माझं टेबल तिच्या शेजारी, म्हणून पुढचं सगळं मी जवळून पाहिलं. तिच्याबद्दल कोणी तरी लिहावं असं मला वाटायचं. दुसरं कोणी लिहील असं दिसत नाही.

ती कामाला झपाट्याची होती. दुपारचा डबा उघडतानाही एक डोळा पडद्यावर. कोणी चेष्टा केली तर लगेच उत्तर द्यायची. स्टोअरचा दत्तात्रेय एकदा म्हणाला, "नमिताबाय, तुझ्या त्या पेटीला माझा पगार वाढवायला सांग ना."

"सांगितलं हो. पेटी म्हणाली, आधी वेळेवर यायला सांग."

सत्त्याण्णव साली कंपनीने कामगारांसाठी बस सुरू करायचं ठरवलं. तोवर पेणकडची माणसं एसटीने, ट्रकने, कोणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून यायची, आणि पहिल्या शिफ्टला थोडा उशीर झाला तरी आम्ही कानाडोळा करायचो. बस रामवाडीहून निघून हायवेने नागोठण्यावरून धाटावला येणार होती. कुठे थांबायचं ते मुंबईच्या हेड ऑफिसात ठरणार होतं. त्यांनी कामगारांचे पत्ते मागवले, पण चार कॉलममध्ये: रस्ता, वस्ती, शहर आणि पिन कोड. ज्या वस्तीत पाच तरी कामगार असतील तिथे थांबा, असा त्यांचा हिशोब.

आमच्याकडे पत्ता एकाच खान्यात होता. नाव, तिकीट नंबर, आणि मग अख्खा पत्ता एका ओळीत, मधे मधे स्वल्पविराम. नमिता म्हणाली, "काका, हे हाताने करायला बसलं तर दिवाळी येईल. एक्सेलमध्ये सोय आहे." तिने पत्त्याच्या कॉलमच्या उजवीकडे आधी चार रिकामे कॉलम घातले. नाहीतर तुकडे शेजारच्या खातं आणि शिफ्ट या कॉलमांवर पडतात आणि ती माहिती पुसली जाते, असं तिने मला समजावलं. मग टेक्स्ट टू कॉलम्स उघडून स्वल्पविरामाला खूण केली. एका क्षणात सगळ्या पत्त्यांचे तुकडे आपापल्या खान्यात जाऊन बसले. मला जादूच वाटली.

पण सगळे पत्ते सारखे नव्हते. कोणाचे पाच तुकडे झाले, कोणाचे तीन. ते सगळे तिने एकेक करून हाताने लावले. ज्यांचे बरोबर चार तुकडे झाले, ते ठीक आहेत असं धरून तिने सोडून दिले.

चूक तिथेच झाली. पेण शहरातला माणूस पत्ता लिहितो तो आधी रस्ता, मग आळी किंवा वस्ती, मग पेण, मग पिन. चार तुकडे. खाडीकडच्या गावचा माणूस लिहितो मुक्काम खारबोरी, पोस्ट आंबेगाव, तालुका पेण, आणि पिन. त्याचेही चारच तुकडे. गावात रस्त्याला नाव नसतं. म्हणून गाव जाऊन बसलं रस्त्याच्या खान्यात, आणि टपाल जिथून येतं ते दुसरंच गाव बसलं वस्तीच्या खान्यात. मुक्काम, पोस्ट, तालुका हे शब्द तिने शेवटी एकदम काढून टाकले. मग तर सगळं नीटनेटकंच दिसायला लागलं.

यादी गेली. बस सुरू झाली. आंबेगावला थांबा मिळाला आणि खारबोरी फाट्याला मिळाला नाही. बस त्या फाट्यावरूनच पुढे जायची, आणि आंबेगाव तिथून पायी चांगलं तासाभराच्या वाटेवर.

खारबोरीचे आठ-नऊ जण आमच्याकडे होते. बहुतेक कायम झालेले. त्यांनी शिव्या दिल्या आणि पुन्हा स्कूटरवर यायला लागले. अडकला तो जनू. मिठागरावर काम करणाऱ्या घरातला, कंपनीत नवा, अजून प्रोबेशनवर. बस सुरू झाल्याबरोबर पर्सोनेल साहेबांनी फळ्यावर नोटीस लावली होती, की कंपनीने बस दिली आहे, आता उशिराला सबब नाही. कायम झालेल्याला उशिराची लाल खूण म्हणजे जरा बोलणी. प्रोबेशनवाल्याला तीन लाल खुणा म्हणजे कायम होणं लांबलं.

जनू पहिल्या दिवशी खारबोरी फाट्यावर हात करून उभा राहिला. बस पुढे गेली. ट्रक मिळवून तो आला तेव्हा शिफ्ट सुरू झाली होती. मी लाल खूण केली. करावीच लागली.

दोन दिवसांनी तो आमच्या खिडकीपाशी आला.

"ताई, गाडी आमच्या फाट्यावर थांबत नाय."

"यादीत खारबोरीचा एकच माणूस आहे," नमिता म्हणाली. "वस्तीत पाच लागतात."

"येकच? मी हाय, काळुराम हाय, त्याचा भाऊस हाय, पलीकडचा निकेश हाय..." तो बोटांवर मोजायला लागला. "आमी काय भुतं हाव का गो?"

मागून दत्तात्रेय हसला. "जनू, तुझं गाव भरतीत वाहून गेलं वाटतं."

नमिता हसली नाही. जनू गेल्यावर तिने यादी उघडली आणि बराच वेळ बघत बसली. मग खालच्या आवाजात मला म्हणाली, "काका, आंबेगावचे म्हणून धरलेत ना, त्यातले बरेच खारबोरीचे आहेत."

"मग साहेबांना सांग."

तिने यादी पुन्हा वरून खाली सरकवली. मग म्हणाली, "मला तेव्हा दिसलं होतं. रस्त्याच्या कॉलममध्ये गावांची नावं दिसत होती. मला वाटलं, तो कॉलम कोण बघतंय. संध्याकाळी डिस्क पाठवायची होती."

तिची भीती मला कळत होती. तीही नवीनच होती आणि साहेब तिचं कौतुक करत असत. हेड ऑफिसला गेलेली यादी चुकीची होती हे सांगायला तिची जीभ रेटेना. त्याऐवजी तिने आपल्यापरीने वाट काढली. बस कंत्राटदाराची होती, तिचा ड्रायव्हर सुलेमान, रोह्याचा. तिने त्याला गाठलं.

"सुलेमानभाई, खारबोरी फाट्यावर जरा थांबाल का? एकच माणूस आहे."

"माझ्या कागदात नाय ते, बेटा. कंत्राटदार बघेल तर माझीच गाडी काढून घेईल."

"मी सांगते म्हणून."

"तू सांगतेस म्हणून थांबवतो. पन किती दिवस?"

तो आठवडाभर थांबला. जनू वेळेवर यायला लागला. नमिताचा चेहरा जरा सैल झाला. ती पुन्हा दत्तात्रेयला उत्तरं द्यायला लागली, आणि मला वाटलं आता हे मिटलं. मग एका सकाळी कंत्राटदाराचा माणूस बसमध्ये बसला, आणि सुलेमान फाट्यावरून सरळ पुढे गेला. जनू हायवेने आंबेगावच्या दिशेने धावत निघाला, पण तिथवर पोचेतो बस गेलेली. त्या दिवशी दुसरी खूण. पुढल्याच आठवड्यात तिसरी.

तिसऱ्या खुणेच्या दिवशी नमिताने डबा उघडला नाही. मूळ पत्त्यांची फ्लॉपी काढली आणि कामाला बसली. पत्ते पुन्हा तोडले, पण या वेळी शब्द काढले नाहीत. फिल्टर लावून दुसऱ्या तुकड्याची सुरुवात पोस्ट या शब्दाने होते ते सगळे पत्ते वेगळे केले. त्यांच्यापुरता रस्त्याचा खाना रिकामा ठेवला, मुक्काम वस्तीत आणला, आणि पोस्टासाठी पाचवा कॉलम केला. आंबेगावचा आकडा निम्म्यावर आला आणि खारबोरीचा भरला. कागद छापून ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली. मलाही बरोबर ये म्हणाली. मी दाराशी उभा राहिलो.

साहेबांनी दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहिल्या. "चारच कॉलम मागितले होते ना?"

"हो सर. पण गावच्या पत्त्याला रस्ता नसतो. ते मी तेव्हाच बघायला हवं होतं."

"म्हणजे लक्षात आलं नाही."

तिला हो म्हणता आलं असतं. मी मनात म्हणत होतो, म्हण हो.

"लक्षात आलं होतं, सर," ती म्हणाली. "मी सोडून दिलं."

साहेबांनी नवी यादी उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "थांबा मिळेल. मी आज फोन करतो."

"आणि जनूच्या लाल खुणा?"

"त्या कशा काढणार? तो उशिरा आला की नाही?"

"आला. पण माझ्यामुळे."

"रजिस्टरमध्ये तुझ्यासाठी कॉलम नाही, नमिता," साहेब म्हणाले. रागाने नाही, पण तेवढं बोलून त्यांनी दुसरी फाइल ओढली.

सोमवारपासून बस खारबोरी फाट्यावर थांबायला लागली. त्याच आठवड्यात जनूला पत्र मिळालं. प्रोबेशन सहा महिने वाढलं होतं.

नमिता म्हणाली, "काका, मला त्याच्या घरी जायचंय. एकटीला धीर होत नाही." शिफ्ट सुटल्यावर आम्ही त्याच बसने गेलो आणि फाट्यावर उतरलो. जनू पुढे, आम्ही मागे. बांधावरून गावात शिरताना खाडीचा वास यायला लागला. दाराशी त्याची बायको पुतळी सुकट निवडत बसली होती. सासू धोंडुबाई आत पडून होती.

नमिताने उभ्यानेच सांगितलं. काही लपवलं नाही. पत्ता कसा तुटला, गाव कुठल्या खान्यात गेलं, आणि ते दिसूनही आपण कसं पुढे गेलो.

पुतळीने हातातलं सूप खाली ठेवलं नाही. "तुला दिसलं व्हतं?"

"हो."

"मंग?"

"घाई होती."

"घाई." पुतळी जराशी हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. "हा पाटं चारला उठून डांबरीवरना धावत व्हता, ट्रकांच्या मधना. म्हातारी दारात बसून रहायची, परत येतो का नाय म्हनून. ती पन घाईच व्हती गो."

"मी साहेबांना सगळं सांगितलं," नमिता म्हणाली. "खुणा काढा म्हटलं. नाही ऐकलं त्यांनी."

"आता सांगितलंस."

आतून धोंडुबाईने विचारलं, "कोन आलाय गो?"

"कंपनीतली हायत," पुतळी म्हणाली. "जातायत."

तिने पाणी विचारलं नाही. आमच्याकडे शत्रू आला तरी पाणी विचारतात. नमिताने मान खाली घातली आणि आम्ही निघालो.

जनू मात्र फाट्यापर्यंत आमच्याबरोबर आला. अंधार पडायला लागला होता. मला वाटलं तो काही बोलेल, निदान जाऊ दे म्हणेल. तो रस्त्याच्या कडेला आमच्यापासून चार हात लांब उभा राहिला. पेणकडे जाणारी एसटी दिसली तेव्हा पुढे होऊन त्याने हात केला. एसटी थांबली.

"रामवाडी, दोघं," तो कंडक्टरला म्हणाला, आणि नमिताकडे न बघता बांधाच्या वाटेला लागला.